शाळेच्या नवीन अ‍ॅपवर कोणता मेसेज कधी येणार

सर्व पालकांना नमस्कार,

येत्या सोमवारपासून शाळेचे निरोप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही, नवीन अ‍ॅपवरच येतील. ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाच्या केकखाली परीक्षेचं टाइमटेबल दबून जातं, म्हणून हे करतोय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गैरहजेरीचा मेसेज. पहिल्या तासाला हजेरी झाली की साडेअकरापर्यंत फक्त गैरहजर मुलांच्याच पालकांना तो जाईल, म्हणजे काहीच आलं नाही तर मूल वर्गात आहे असं समजा. तुम्ही स्वतःच घरी ठेवलं असेल तर मेसेजखालचं 'माहीत आहे' दाबा. पण तुम्ही मुलाला शाळेत पाठवलंय आणि तरी मेसेज आला, तर तिथं टाइप करत बसू नका, लगेच ऑफिसला फोन करा. बरेच पालक कारखान्यात मागावर असतात, तिथल्या खडखडाटात फोन वाजलेला कळत नाही, म्हणून तो मेसेज आई आणि वडील दोघांच्या नंबरवर जाईल.

होमवर्क रोज संध्याकाळी सहाला, एकदाच. वर्गशिक्षकांनी कितीही वेळा काही टाकलं तरी फोन एकदाच वाजेल. फीची आठवण महिन्याच्या १ तारखेला आणि राहिली असेल तर १० तारखेला, ती पण फक्त पालकांच्या लॉगिनवर, मुलांना दिसणार नाही. फीच्या मेसेजमध्ये कसलीच लिंक नसते, लिंक आली तर ती आमची नाही. ओटीपी फक्त पहिल्या लॉगिनला लागेल, फोन करून शाळेतलं कुणीही तो मागणार नाही.

बसचा मेसेज गाडी स्टॉपपासून दहा मिनिटांवर आली की येतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला रस्ते बंद असतात, तेव्हा बदललेला स्टॉप आदल्या दिवशी दुपारीच कळवू. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होण्याच्या तीन दिवस आधी नवीन वेळ येईल, नाहीतर दरवर्षी चार-पाच मुलं अकराला डबा घेऊन हजर असतातच!

रात्री आठनंतर काहीच येणार नाही. अपवाद एकच, दुसऱ्या दिवशी अचानक सुट्टी द्यावी लागली तर.

अ‍ॅप टाकल्यावर फोन परवानगी विचारतो, तिथं 'Allow' करा, घाईघाईत नको म्हणून टाकलं तर अ‍ॅप असूनही काही कळणार नाही. काही फोन बॅटरी वाचवायला मागचे अ‍ॅप बंद करून टाकतात, सेटिंगमध्ये बॅटरीत जाऊन आपल्या अ‍ॅपला 'Unrestricted' करा. जमत नसेल तर शनिवारी दहा ते एक ऑफिसात फोन घेऊन या, कॉम्प्युटरचे सर करून देतील.

साधा फोन असलेल्यांनी काळजी करू नये, गैरहजेरी आणि सुट्टी हे दोन निरोप त्यांना एसएमएसनं मराठीत जातील. ज्यांचा नंबर बदललाय त्यांनी वहीच्या कागदावर मुलाचं नाव, वर्ग, तुकडी आणि नवा नंबर लिहून शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे पाठवा.

मुख्याध्यापिका
सोलापूर