प्रवेश अर्जांवरील फोटो संगणकाद्वारे आपोआप योग्य आकारात करण्याबाबत

दिनांक : 4 मे 2026

प्रति,
मा. प्राचार्य मॅडम,
माध्यमिक विद्यालय व कनिष्ठ महाविद्यालय

विषय : प्रवेश अर्जांवरील फोटोंचा आकार एकत्रितपणे बदलण्यासाठी परवानगी मिळणेबाबत

महोदया,

15 जूनला शाळा उघडण्याआधी पाचवी आणि आठवीच्या प्रवेशाची गर्दी सुरू होईल. त्या दिवसांत कार्यालयाचा सर्वांत जास्त वेळ खाणारं काम म्हणजे फोटो, आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

पालक फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात. कोणी मोबाईलवर काढलेला तीन-चार एमबीचा फोटो पाठवतं, कोणी स्टुडिओतल्या छापील फोटोचाच फोटो काढून पाठवतं. आपल्या प्रवेशाच्या सॉफ्टवेअरला मात्र 50 केबीच्या आतली जेपीजी फाइल लागते. म्हणून प्रत्येक फोटो पेंटमध्ये उघडायचा, कापायचा, लहान करायचा, साठवायचा, किती केबी झाला ते पाहायचं, जास्त असला की पुन्हा लहान करायचा. एका फोटोला तीन मिनिटं धरली, तरी पाचशे अर्जांना 25 तास होतात. तोवर खिडकीवर दाखला घ्यायला आलेले पालक उभेच असतात. त्यांतले काही जण अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेले असतात, ही गोष्ट मला फार लागते.

घाईत आणखी एक होतं. पेंटमध्ये लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवण्याची खूण निघाली, की चेहरा आडवा पसरतो. तोच फोटो ओळखपत्रावर जातो आणि ते मूल वर्षभर तो गळ्यात घालून फिरतं. मुलांना ते आवडत नाही. काही मुलं ओळखपत्र उलटं करून लावतात, ते आपणही वर्गावर पाहिलं असेल.

हे सगळं काम इमेजमॅजिक नावाचा प्रोग्राम एका झटक्यात करतो. तो मोफत आहे, विंडोजवर चालतो आणि एकदा बसवला की त्याला इंटरनेट लागत नाही. एका फोल्डरमधले `.jpg` ने संपणाऱ्या नावांचे सगळे फोटो तो एकाच आकाराचे करून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्यासाठी लागणारा आदेश असा आहे :

```
cd /d D:\Pravesh\mool
magick mogrify -path D:\Pravesh\tayar -auto-orient -resize "413x531^" -gravity north -extent 413x531 -density 300 -units PixelsPerInch -strip -define jpeg:extent=50KB -format jpg *.jpg
```

हा आदेश एका फाइलमध्ये लिहून ठेवला, की कार्यालयातल्या कोणालाही त्यावर फक्त डबल क्लिक करावं लागेल. 413 बाय 531 पिक्सेल म्हणजे 300 डीपीआयला 35 बाय 45 मिलिमीटर, आपला नेहमीचा पासपोर्ट आकार. त्यामुळे ओळखपत्र छापणाऱ्याला वेगळे फोटो द्यावे लागणार नाहीत. फोटो उभा-आडवा कसाही असला तरी चेहरा ताणला जात नाही, जादाचा भाग कापला जातो. उभ्या फोटोत तो खालून कापला जातो, म्हणून डोकं तुटत नाही. मूळ फोटो `mool` फोल्डरमध्ये जसेच्या तसे राहतात. `-path` लिहिलं नाही तर मात्र हा प्रोग्राम मूळ फाइलवरच नवी फाइल लिहितो, म्हणून आदेशाच्या फाइलला दुसऱ्या कोणी हात लावू नये असं मला वाटतं.

यातली `-strip` ही सूचना मला वेळेच्या बचतीइतकीच महत्त्वाची वाटते. मोबाईलवर काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. फोटो घरी काढला असेल तर तो मुलाच्या घराचा पत्ताच झाला. ई-मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये ही माहिती तशीच येते. ती पुढे कोणाच्याही हाती जाऊ नये. `-strip` ती पुसून टाकतं. फोटो आडवा आहे की उभा हेही त्याच माहितीत असतं, म्हणून `-auto-orient` आधी लिहिलं आहे. ते वगळलं तर काही मुलं आडवी झोपलेली दिसतील.

आज गर्दीच्या वेळी आम्ही कधी कधी फोटो लहान करून देणाऱ्या मोफत वेबसाइट वापरतो. मुलांचे फोटो त्यामुळे कोणत्या सर्व्हरवर जातात आणि किती दिवस राहतात, हे आपल्याला कळत नाही. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पालक संमती शाळेला देतात, त्या वेबसाइटला नाही. आपली परवानगी मिळो वा न मिळो, या वेबसाइट वापरणं बंद व्हावं, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रोग्रामला सगळंच जमतं असं नाही. चेहरा कुठे आहे हे या आदेशाला कळत नाही. छापील फोटोचा फोटो असेल आणि बाजूला टेबल दिसत असेल, तर तेही तसंच येतं. असे फोटो आधी हातानेच कापावे लागतील. फोटो मुळातच लहान आणि धूसर असेल तर तो मोठा होतो, पण स्पष्ट होत नाही. अशा पालकांकडून दुसरा फोटो मागवायला हवा, आणि ते अर्ज घेतानाच सांगितलेलं बरं. कोणता फोटो कोणत्या मुलाचा, हेही माणसानेच ठरवायचं. म्हणून फोटो येताच त्याला अर्ज क्रमांकाचं नाव द्यावं आणि नंतर प्रत्येक पानावर तीस फोटो, खाली अर्ज क्रमांक, अशी पानं छापून वर्गशिक्षकांनी अर्जांशी ताडून सही करावी. एकाच्या अर्जावर दुसऱ्याचा फोटो गेला तर तो बोर्डाच्या अर्जापर्यंत तसाच जाऊ शकतो. म्हणून वाचलेल्या वेळातला थोडा वेळ या तपासणीला द्यावा, असं मी मनापासून सुचवतो.

हे मी घरच्या लॅपटॉपवर घरच्याच फोटोंवर करून पाहिलं आहे. परवानगी नसल्यामुळे विद्यार्थ्यांचा एकही फोटो घेतलेला नाही. आधीचे आणि नंतरचे फोटो छापून सोबत जोडले आहेत.

तरी प्रवेश कक्षाच्या संगणकावर हा प्रोग्राम बसवण्याची परवानगी द्यावी. सुरुवातीला फक्त आठवीचे अर्ज या पद्धतीने करू, पाचवीचे नेहमीसारखेच होतील. पालकांच्या सूचनापत्रात एक ओळ घालावी : ‘विद्यार्थ्याचा फोटो भिंतीसमोर, छातीपर्यंत, उभा काढून पाठवावा, छापील फोटोचा फोटो पाठवू नये. मोबाईल नसल्यास विद्यार्थ्याचा फोटो कार्यालयात काढून दिला जाईल.’ शेवटचं वाक्य कृपया वगळू नये. फोटोसाठी कोणाला स्टुडिओचे पैसे भरावे लागू नयेत. मूळ फोटो किती दिवस ठेवायचे आणि कधी पुसायचे, हेही आपण लेखी ठरवून द्यावं.

सूचनापत्र छपाईला जाण्याआधी, शनिवारी कार्यालयाचं काम संपल्यावर, आपण दहा मिनिटं दिलीत तर कार्यालयात सगळं प्रत्यक्ष करून दाखवीन.

आपला विश्वासू,
सु. भा. गायकवाड
कनिष्ठ लिपिक, प्रवेश कक्ष

सोबत : चाचणीच्या फोटोंची दोन पाने