तुझ्या प्रपोजलवर माझा फीडबॅक: ऑब्जेक्टिव्ह, घड्याळांचा हिशोब आणि टाइमलाइन

प्रपोजल दोनदा वाचलं. विषय मस्तच आहे, नाइट शिफ्ट करणाऱ्या नर्सेसची झोप आणि कामातल्या चुका यावर तू स्वतः वॉर्डात काम करून लिहितेयस हे पहिल्या पानातच कळतं, त्या पानाला हात लावू नकोस.

पण ऑब्जेक्टिव्ह पाच आहेत आणि ते तीन वेगवेगळ्या पीएचडींचे आहेत गं. झोप मोजणं, लाळेतलं कॉर्टिसॉल तपासणं, वर आणि नवीन रोस्टर बनवून लागू करणं, हे सगळं एकटीने होणार नाही. रोस्टर बदलायचा अधिकार हॉस्पिटलकडे आहे, तुझ्याकडे नाही, त्यामुळे तो ऑब्जेक्टिव्ह आधी काढ. कॉर्टिसॉलपण काढ, उठल्यावर ठरलेल्या मिनिटांना सॅम्पल लागतात, ते फ्रीझरमध्ये ठेवायचे, आणि लॅबचा खर्च तू कुठेच धरलेला नाहीस. आणि 'परिणाम अभ्यासणे' असं लिहू नकोस, नक्की काय मोजणार ते लिही, म्हणजे सलग नाइट शिफ्ट वाढत गेल्या की झोपेचे तास किती कमी होतात, असं.

फीझिबिलिटीत मी अडकले ती जागा म्हणजे झोप मोजणारी अ‍ॅक्टिग्राफीची घड्याळं. घड्याळं २०, माणसं ६००, प्रत्येकी १४ दिवस. म्हणजे ३० बॅचेस, आणि मधे डाटा उतरवणं, चार्जिंग, घड्याळ परत मिळवायला मागे लागणं यात चार दिवस धर, ३० गुणिले १८ म्हणजे ५४० दिवस झाले! तू लिहिलंयस सहा महिने. इंटरव्ह्यूत कोणीतरी हा गुणाकार नक्की करणार. १२० जणी घेतल्यास तर १०८ दिवसात होतं आणि सहा महिन्यांनी त्याच जणींना परत मोजता येतं. ६०० कुठून आला तेही दिसत नाही, पॉवर कॅल्क्युलेशन करून दाखव, १२० पण त्यातूनच पक्का कर.

अजून एक, पीएसक्यूआय ही झोपेची प्रश्नावली मागच्या महिन्यात तू साधारण किती वाजता झोपलीस असं विचारते. जिची शिफ्ट दर आठवड्याला बदलते ती काय उत्तर देणार? रोजची स्लीप डायरी ठेव, घड्याळाच्या डाटाशी ताडूनही बघता येईल.

टाइमलाइनमध्ये चौथ्या महिन्यात डाटा कलेक्शन सुरू दाखवलंयस आणि एथिक्स कमिटीचं नावच नाही. माझा अर्ज संमतीपत्रातल्या एका वाक्यावरून दोनदा परत आला होता, पूर्ण सेमिस्टर गेलं. पहिलं वर्ष कोर्सवर्क, परवानग्या आणि दहा जणींवर पायलट एवढंच ठेव. लिखाणाला तीन महिने दिलेत ते आठ कर.

लिटरेचर रिव्ह्यू ठीक आहे, नंतर बघू. आधी ऑब्जेक्टिव्ह दोनवर आण आणि बॅचेसचं टेबल बनवून रविवारपर्यंत पाठव, मी लगेच वाचते.