न्यूट्रल सुटलाय, आज रात्रीच यावं लागेल – वायरमनदादांना केलेला व्हॉट्सअ‍ॅप

संतोषदादा, दोनदा फोन लावला, उचलला नाहीत म्हणून लिहितेय. मेसेज बघितल्या बघितल्या आधी फोन करा, बाकीचं येता येता वाचा. घरातली लाईट पूर्ण बंद करून ठेवलीय. सासऱ्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते आता सिलेंडरवर आहेत आणि सिलेंडर रात्री एक-दीडच्या पुढे जाणार नाही. त्याच्या आत निदान त्यांच्या खोलीपुरती लाईट पाहिजे, बाकीचं घर अंधारात राहिलं तरी चालेल.

मी वैशाली, चिमणपुऱ्यातली, तुम्ही आमच्या समोरच्या किराणावाल्यांचा बोर्ड बदलून दिलात ना, त्यांच्याकडूनच तुमचा नंबर घेतला.

काय झालं ते सांगते. सातच्या सुमाराला पाऊस जोरात होता आणि एकदम पुढच्या खोलीतला पंखा विमानासारखा पळायला लागला, देवघरातला पिवळा बल्ब डोळ्यांत जाईल इतका भडकला आणि त्याच वेळी मागे स्वयंपाकघरात मात्र लाईट मिणमिणती. मी चटणी वाटत होते, मिक्सर चालू केला की पुढचा बल्ब आणखी भडकायचा, बंद केला की जरा कमी व्हायचा, म्हटलं हे काहीतरी वेगळंच आहे. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर २९४ आकडा आला आणि टक करून तो बंदच पडला. टीव्ही गेला, वायफायच्या अ‍ॅडॉप्टरमधून धूर आला. अण्णांचं म्हणजे सासऱ्यांचं मशीन बीप बीप करायला लागलं तेव्हा मी ते लगेच प्लगमधून काढलं आणि धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. मशीन जळालं नसावं पण परत लावून बघायची हिंमत नाही. तुम्ही मीटर लावून व्होल्टेज बघितल्याशिवाय लावणारही नाही.

आमच्याकडे थ्री फेज आहे, पूर्वी खाली मसाला कांडप होतं ना त्यासाठी घेतलेली, मशीन विकलं पण लाईन तीच राहिली. वायरिंगही तेव्हाचंच, लाकडी बोर्ड, लोखंडी पेटीचा मेन स्विच, किटकॅट फ्यूज.

१९१२ ला तक्रार नोंदवली होती, बोर्डाचा वायरमन भिजत का होईना येऊन गेला. खांबावर आणि मीटरपर्यंत तीनही फेज आणि न्यूट्रल बरोबर आहेत म्हणाला, मीटरच्या पुढे मेन स्विचमध्ये न्यूट्रलची जोडणी जळालीय, ते काम तुमचं तुम्ही करून घ्या, तोपर्यंत मेन वर करू नका. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही हेही बजावून गेला. काम करताना खांबावरून लाईन बंद करून पाहिजे असेल तर फोन करा, येतो म्हणालाय, त्याचा नंबर खाली कॉन्टॅक्टमध्ये टाकलाय.

फोटो पाठवतेय, टॉर्च धरून काढलेत म्हणून जरा हललेत.

पहिला फोटो मेन स्विचची पेटी, झाकण त्या वायरमननेच उघडलं होतं तेव्हाचा. डावीकडे खाली काळी वायर आहे तिचं इन्सुलेशन वितळून थेंब झालाय आणि पितळी पट्टी निळसर-काळी पडलीय, ते झूम करून बघा. उजवीकडच्या तीन फ्यूजना काही झालेलं दिसत नाही.

दुसरा लांबून, मीटर, मेन स्विच, बोर्ड सगळं एका फोटोत. भिंतीवर वरून ओल आलेली दिसेल. पाणी पेटीत गेलंय की नाही ते मला कळत नाही, पण पेटीच्या खालच्या कडेला हात न लावता टॉर्चने बघितलं तर ओलसर चमकत होतं.

तिसरा जळलेल्या अ‍ॅडॉप्टरचा, तो नुसता माहितीसाठी.

चौथा अण्णांच्या खोलीतला बोर्ड आणि मशीनच्या मागची पट्टी, त्यावर वॅट लिहिलेत, लोड किती ते तुम्हाला कळेल.

छोटा व्हिडिओ पण आहे, मेन बंद करायच्या आधी मुलाने काढलेला, त्यात पंख्याचा आवाज ऐका.

अजून एक, हे महत्त्वाचं आहे. मागच्या न्हाणीतल्या नळाला मुलाने हात लावला तेव्हा झिणझिण्या आल्या म्हणाला, तेव्हा लाईट चालू होती. अर्थिंगचंही काहीतरी गडबड असणार. आता तिकडे कोणाला जाऊ देत नाही पण तुम्ही आल्यावर ते आधी तपासा.

येताना न्यूट्रल लिंक, मेन पासून बोर्डापर्यंतची जाड वायर, लग आणि जमलं तर नवीन मेन स्विचच घेऊन या, या वेळेला राजवाड्यावर एकही इलेक्ट्रिकचं दुकान उघडं मिळणार नाही. शिडी आहे आमच्याकडे. बॅटरी मोठी आणा, घरात दोनच आहेत आणि एक अण्णांजवळ ठेवलीय.

पत्ता: राजवाड्यावरून गारेच्या गणपतीकडे या, देवळापुढे थोडं आलात की डाव्या हाताला पिठाची गिरणी लागेल, शटर बंद असेल पण पांढऱ्या रंगात मोठ्ठं "गहू ज्वारी बाजरी" लिहिलंय. गिरणीला लागून बोळ आहे त्यात शिरा. मोठी गाडी येत नाही, टू व्हीलर आरामात येते, फक्त तोंडाशीच पाण्याच्या लाईनसाठी खोदलंय आणि खड्ड्यात पाणी भरलंय, उजवीकडून भिंतीला धरून या. बोळातलं तिसरं घर, निळं लोखंडी गेट, आत पारिजातक, बाहेर जुनी दगडी डोणी आहे. अंधारात गेट दिसलं नाही तर हॉर्न द्या, मुलगा टॉर्च घेऊन गिरणीपाशीच उभा राहील. शेजारच्यांचा कुत्रा भुंकेल, बांधलेला आहे. लोकेशन पण पाठवलंय पण मॅप मागच्या गल्लीत नेऊन सोडतो, तिकडून वाट नाही, त्यामुळे गिरणीच लक्षात ठेवा.

सिलेंडरचा हिशोब म्हणाल तर काटा ७० वर आहे आणि दोन लिटरवर चालू आहे, ऑक्सिजनवाले म्हणाले साडेपाच तास धरा. दुसरा सिलेंडर सकाळी आठशिवाय मिळत नाही. हे १९१२ वाल्यांना पण सांगितलं पण मीटरच्या पुढचं त्यांच्या हातात नाही. अगदीच काही झालं नाही तर अकराला रिक्षा करून अण्णांना हॉस्पिटलमध्ये हलवायचं ठरवलंय, पण ८१ वर्षांचं माणूस, या पावसात जिन्यावरून खाली उतरवायचं म्हणजे तुम्हीच विचार करा.

आज फक्त जळलेली जोडणी बदला आणि अण्णांच्या खोलीला एक लाईन सुरक्षित करून द्या. बाकी घराचे फ्यूज काढून ठेवा. सगळं वायरिंग करायचंच आहे ते पाऊस उघडल्यावर निवांत बसून ठरवू. रात्रीचे जे काय होतील ते घ्या, घासाघीस करणार नाही, सामानाचे पैसे आत्ता जीपे करायचे असतील तर आकडा टाका, लगेच पाठवते.

येणं जमत नसेल तर दादा तसं स्पष्ट सांगा, राग नाही, पण लवकर सांगा म्हणजे मी दुसरं कोणी बघेन. माझा फोन २० टक्क्यांवर आहे, बंद लागला तर मिस्टरांचा नंबर पण खाली टाकलाय, ते पुण्याहून निघालेत, खंबाटकीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलेत पण फोन उचलतील.

(८:४१) दादा निळी टिक दिसली, निघालात का? मुलाला गिरणीपाशी पाठवू?