शनिवारचं बिल: सुलूमावशीसाठी

प्रिय सुलूमावशी,

रविवारी तुझ्या फोनवर पैसे पाठवायचं भीम अ‍ॅप सुरू करून दिलं, डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा आकडे टाकून पिनही ठरवला, आणि मग बिल वाटायचं सांगायला वेळच उरला नाही. शनिवारी नळ स्टॉपला तुमचं शाळेतल्या मैत्रिणींचं जेवण आहे, म्हणून सगळं लिहून पाठवते. एकदा निवांत वाच. शनिवारी टेबलावर बसल्यावर हे उघडून बघितलंस तरी चालेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. हॉटेलचं बिल एकीनेच भरायचं. सहा जणींनी काउंटरवर सहा वेळा स्कॅन करत बसायचं नाही. शनिवारी तू भरणार आहेस. बाकीच्या पाच जणी आपापला वाटा नंतर तुला पाठवतील. म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. एक, तू हॉटेलला पैसे देणं. दुसरं, मैत्रिणींनी तुला देणं. अ‍ॅपमधली बिल वाटायची सोय दुसऱ्या कामासाठी आहे. कोणाकडून किती यायचे, कोणाचे आले, कोणाचे राहिले, याची ती वही आहे. तू भिशीची वही इतकी वर्षं ठेवलीस, तशीच.

हॉटेलला पैसे देताना

वेटरने बिल आणलं की पैसे द्यायच्या आधी ते वाच. खाण्याच्या बेरजेखाली सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के, असा मिळून पाच टक्के कर असतो. तो द्यायचाच. पण 'सर्व्हिस चार्ज' अशी आणखी एक ओळ दिसली, तर ती आपल्या मर्जीची असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने तो बिलात आपणहून लावू नये. 'हा काढून द्या' असं शांतपणे म्हण. वेटरला काही द्यायचं असेल तर रोख दे, त्याच्या हातात.

मग भीम उघड, स्कॅनचं चिन्ह दाब आणि टेबलावरच्या किंवा काउंटरवरच्या क्यूआरवर फोन धर. पडद्यावर नाव येईल, ते वाच. हॉटेलच्या पाटीवरचं नाव आणि हे नाव वेगळं असू शकतं, कारण खातं मालकाच्या किंवा कंपनीच्या नावावर असतं. शंका आली तर काउंटरवरच्या माणसाला नाव दाखवून विचार. मग रक्कम टाक, पुन्हा एकदा बघ, आणि पिन टाक. पिन टाकताना फोन जरा छातीशी धर. पैसे गेले की हिरवी खूण येते, आणि काउंटरवरचा डबा रक्कम मोठ्याने सांगतो.

अ‍ॅप नव्याने सुरू करणाऱ्याला पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, पण रविवारपासून ते २४ तास केव्हाच उलटले. त्यामुळे ती काळजी नाही.

पैसे खात्यातून गेले पण हॉटेलला पोचले नाहीत, असं क्वचित होतं. पडद्यावर Pending दिसेल. तेव्हा घाईने लगेच दुसऱ्यांदा पाठवू नकोस. दोन मिनिटं थांब, आणि अ‍ॅपच्या जुन्या व्यवहारांत जाऊन काय दिसतंय ते बघ. व्यवहार फसला असेल तर पैसे आपोआप परत येतात. दुकान किंवा हॉटेल असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला त्यासाठी पाच दिवस असतात. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक तिथेच दिसतो, तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो.

कोणाचा किती

आता मुख्य भाग. तू गेल्या महिन्याच्या बिलाचा फोटो पाठवला होतास, तोच घेऊन बसले आहे. एकूण २,५६२ रुपये. सहाने भागले की ४२७ येतात. तुम्ही ४३०-४३० काढायचं ठरवलंत, आणि तिथेच चुकलं असं मला वाटतं. कुंदामावशीची त्या दिवशी चतुर्थी होती. तिने फक्त साबुदाण्याची खिचडी घेतली, १२० रुपयांची. तिने ४३० काढून दिले आणि काही बोलली नाही. ती बोलणारही नव्हती. पेन्शनवर एकटीने घर चालवणाऱ्या माणसाला तीनशे रुपये जास्तीचे जड जातात, आणि ते तोंडातून निघत नाही.

तेच बिल नीट मांडून बघ. भाजी, भाकरी, डाळ, भात, ताक हे सगळं मिळून २,००० रुपये, ते तुम्ही पाच जणींनी खाल्लं. म्हणजे प्रत्येकी ४००. कुंदामावशीची खिचडी १२०. उषामावशी आणि मंगलमावशीने मस्तानी घेतली, १६० ची एक. बेरीज २,४४०, आणि त्यावर पाच टक्के कर १२२.

कर कसा वाटायचा हा प्रश्न सगळ्यांना पडतो. तू आयुष्यभर गणित शिकवलंस, तुला हे मी सांगायला नको. जिची जेवढी रक्कम, तिच्यात तिचाच विसावा भाग मिळवायचा. ४०० चे ४२० होतात, १२० चे १२६, आणि मस्तानीवालीचे ५६० चे ५८८. ताळा करून बघ: ५८८ दोनदा, ४२० तीनदा, १२६ एकदा. बरोबर २,५६२.

हे शनिवारी टेबलावर कागद घेऊन करायची गरज नाही. बिलाचा फोटो काढ आणि घरी येऊन चहा घेताना कर. दोन-तीन तास उशीर झाला तर काही बिघडत नाही. जेवण सगळ्यांनी सारखंच घेतलं असेल तर हिशोब मांडूच नको, सरळ सहाने भाग. वीस-तीस रुपयांच्या फरकासाठी कोणी कोणाचं ताट मोजू नये. पण फरक मोठा असेल, आणि जिला जास्त पडतंय ती गप्प बसणारी असेल, तर मात्र मांडच.

अ‍ॅपमध्ये लिहिताना

भीममध्ये खर्च वाटायची सोय २०२५ च्या नव्या आवृत्तीत आली आहे. Split असं लिहिलेलं बटण शोध. बाकीच्या पेमेंट अ‍ॅपमध्येही जवळजवळ हेच नाव असतं. आधी गट करायचा, त्यात मैत्रिणींचे नंबर तुझ्या फोनमधल्या यादीतून घ्यायचे. एकदा केलेला गट पुढच्या महिन्यालाही कामाला येतो. मग एकूण रक्कम लिहायची. अ‍ॅप आधी सगळ्यांना सारखं वाटून दाखवतं. ते तसंच सोडू नकोस. प्रत्येकीच्या नावापुढची रक्कम बदलता येते, तिथे आपले आकडे भर. तुझा स्वतःचा वाटा भरायला विसरू नकोस, नाहीतर बेरीज जुळणार नाही. आणि कशाचे पैसे हेही लिही, 'शनिवारचं जेवण' एवढं पुरे. महिन्याने कोणी विचारलं तर आठवायला नको.

रुपयांवरचे सुटे पैसेही पुरते येतात. ५१२ रुपये ४० पैसे असा वाटा निघाला तर तेवढेच पाठवता येतात. सुट्ट्यांचा प्रश्नच नाही.

तुमच्यातल्या कोणाकडे दुसरं अ‍ॅप असलं तरी अडत नाही. गटात तिचं नाव दिसलं नाही, तर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकडे लिही आणि तुझ्या भीममधला क्यूआर फोटो म्हणून टाक. कोणत्याही यूपीआय अ‍ॅपमधून त्यावर पैसे येतात. नीलममावशी अजून अ‍ॅप वापरत नाही, तिच्याकडून रोख घे आणि तिच्या नावापुढे 'मिळाले' करून टाक. तिला आत्ताच फोनवर शिकवायचा आग्रह टेबलावर नको.

मागायचं कसं

शोभामावशीचे पैसे महिना झाला तरी आले नाहीत, हे तू मला दोनदा सांगितलंस. तिला मात्र एकदाही सांगितलं नाहीस. ती विसरली आहे, दुसरं काही नाही. तीस वर्षांपासूनची मैत्रीण आहे ती तुझी. तिला वेगळा मेसेज करू नकोस. शनिवारी रात्री सगळ्यांना एकदमच पाठव, म्हणजे कोणा एकीकडे बोट जात नाही. हे असं लिहिलंस तरी चालेल:

'आज मजा आली. बिल मी भरलंय. प्रत्येकीचा वाटा खाली लिहिलाय, बिलाचा फोटोही जोडलाय. काही चुकलं असेल तर मोकळेपणाने सांगा. जमेल तसं सोमवारपर्यंत पाठवा. शोभा, तुझे गेल्या वेळचे ४२० यात धरले आहेत गं.'

बिलाचा फोटो जोडायचाच. तो असला की आकडे तुझे राहत नाहीत, सगळ्यांचे होतात.

पिनचं

हे थोडक्यात, पण सगळ्यात महत्त्वाचं. मैत्रिणी पैसे पाठवतील तेव्हा तुला काहीच करावं लागत नाही. पिन नाही, स्कॅन नाही, कुठली लिंक नाही. पैसे आपोआप खात्यात येतात आणि बँकेचा मेसेज येतो. पिन लागतो तो फक्त पैसे आपल्याकडून जाताना आणि शिल्लक बघताना. 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' असं जो कोणी म्हणेल, तो चोर. फोन ठेवून दे.

पूर्वी कोणीही अनोळखी माणूस पैसे मागायची विनंती अ‍ॅपवर पाठवायचा, आणि लोक ते पैसे मिळताहेत असं समजून पिन टाकायचे. माणसामाणसांतली ती 'कलेक्ट रिक्वेस्ट' ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद केली आहे. त्यामुळे बिल वाटल्यावर मैत्रिणींना जाते ती नुसती आठवण, पैसे त्यांनीच आपल्या हाताने पाठवायचे असतात. चुकून काही घडलंच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरला फोन करायचा आणि बँकेलाही. नंबर तुझ्या फ्रिजवर चिकटवून आले आहे.

शनिवारी साडेबारापासून मी फोन जवळ ठेवते. अडलं तर पडद्याचा फोटो पाठव, पिनच्या पडद्याचा सोडून. आणि गेल्या वेळचे कुंदामावशीचे ३०४ रुपये परत करायचे आहेत. ते यावेळच्या तिच्या वाट्यातून आधी वजा कर, आणि मगच मेसेज टाक.

तुझी,
मीनू