पगारातून कापलेल्या प्राप्तिकराची फॉर्म २६एएसमध्ये अपुरी नोंद : दुरुस्तीसाठी अर्ज

दिनांक : २३ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
लेखा व वेतन विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीतील १७,५०० रुपयांची करकपात माझ्या नावे जमा न दिसल्याबद्दल.

महोदय,

मी चाकण कारखान्यात खरेदी विभागात वरिष्ठ अधिकारी असून माझा कर्मचारी क्रमांक २१८७ आहे. आपल्या विभागाने १२ जून रोजी पाठवलेला फॉर्म १६ मिळाल्यावर विवरणपत्र भरण्यापूर्वी मी तो प्राप्तिकर खात्याच्या फॉर्म २६एएसशी आणि वर्षभराच्या पगारपत्रकांशी ताडून पाहिला, तेव्हा पुढील तफावत आढळली.

माझे वर्षाचे ढोबळ वेतन १३,८०,००० रुपये आहे. नव्या करप्रणालीनुसार ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन १३,०५,००० रुपयांवर उपकरासह १,०५,०४० रुपये कर होतो, आणि पगारपत्रकांप्रमाणे नेमकी तेवढीच रक्कम कापली गेली आहे : एप्रिल ते फेब्रुवारी दरमहा ८,७५० रुपये व मार्चमध्ये ८,७९० रुपये. म्हणजे कराच्या आकारणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फॉर्म २६एएसमध्ये मात्र एकूण ८७,५४० रुपयेच दिसतात. पहिली, दुसरी आणि चौथी तिमाही बरोबर आहे. तिसऱ्या तिमाहीत २६,२५० रुपयांऐवजी केवळ ऑक्टोबरचे ८,७५० रुपये आहेत, नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांची नोंदच नाही. फॉर्म १६ चा भाग अ ट्रेसेसवरून तयार होत असल्याने त्यातही ८७,५४० हाच आकडा आला आहे, तर भाग ब मध्ये कर १,०५,०४० रुपये दाखवला आहे; एकाच प्रमाणपत्राचे दोन भाग त्यामुळे एकमेकांशी जुळत नाहीत.

याचे कारण मला खात्रीने सांगता येणार नाही, परंतु एक गोष्ट निदर्शनास आणते. नोव्हेंबरमध्ये वेतनाची संगणकप्रणाली बदलली, आणि त्या महिन्याच्या व डिसेंबरच्या पगारपत्रकावर माझ्या पॅनमधील शेवटचे दोन अंक उलटे, म्हणजे ४७ ऐवजी ७४ असे, छापले गेले होते. मी जानेवारीच्या सुरुवातीला ते ईमेलने कळवल्यावर पगारपत्रकावरील चूक सुधारली गेली. तिमाहीचे २४क्यू विवरण मात्र त्याच चुकीच्या पॅनसह दाखल झाले असावे, अशी माझी समजूत आहे. तसे नसेल, तर त्या दोन महिन्यांचे चलन विवरणाशी जोडायचे राहिले आहे किंवा रक्कमच भरायची राहिली आहे, हे पाहावे लागेल.

म्हणून विनंती अशी की, नोव्हेंबर व डिसेंबर २०२४ ची कपात सरकारजमा झाली असल्यास तिच्या चलनाचा क्रमांक, भरणा दिनांक व बँकेचा बीएसआर कोड मला कळवावा, तिसऱ्या तिमाहीचे दुरुस्ती विवरण माझ्या बरोबर पॅनसह दाखल करावे, आणि ते प्रक्रियेतून पार पडल्यावर सुधारित फॉर्म १६ द्यावा. भरणा झालेला नसल्यास तो व्याजासह करून मग दुरुस्ती करावी. हे विवरण कर कापणाऱ्यालाच दुरुस्त करता येते; माझ्या लॉगिनमधून मला त्यात काहीही बदलता येत नाही.

मी आज पूर्ण १,०५,०४० रुपयांची कपात दाखवून विवरणपत्र भरले, तर कलम १४३(१) खाली १७,५०० रुपयांची मागणी व्याजासह माझ्यावर निघण्याची शक्यता आहे. आणि ८७,५४० रुपयेच दाखवले, तर पगारातून एकदा गेलेला कर मला पुन्हा खिशातून भरावा लागेल. कापलेल्या कराच्या मर्यादेपर्यंत करदात्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही, असे प्राप्तिकर अधिनियम, १९६१ चे कलम २०५ सांगते, पण खात्यापुढे ते सिद्ध करत बसण्यापेक्षा मूळ नोंद सुधारणे दोघांनाही सोपे आहे. शिवाय चुकीचा पॅन दुसऱ्या कोणाचा असेल, तर त्या व्यक्तीच्या खात्यावर माझे वेतन व कर दिसत असेल. पॅन अस्तित्वातच नसेल, तर कमी दराने कपात केल्याची नोटीस कंपनीलाही येऊ शकते.

विवरणपत्राची मुदत यंदा १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली आहे, तरी दुरुस्तीनंतर फॉर्म २६एएसमध्ये नोंद उमटायला काही दिवस लागतात. गृहकर्जासाठी बँकेला या वर्षाचे विवरणपत्र जुलैअखेरपर्यंत द्यायचे असल्याने मला शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबता येणार नाही. तेव्हा १० जुलैपर्यंत दुरुस्ती विवरण दाखल करून त्याचा पावती क्रमांक मला लेखी कळवावा, ही विनंती. पगारपत्रकांच्या मूळ प्रती घेऊन मी कोणत्याही दिवशी दुपारी तीननंतर आपल्या कार्यालयात येऊ शकते.

सोबत ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ ची पगारपत्रके, २० जून रोजी उतरवून घेतलेला फॉर्म २६एएस, फॉर्म १६ चे दोन्ही भाग, पॅन कार्डाची स्वसाक्षांकित प्रत आणि जानेवारीतील ईमेलची छापील प्रत जोडली आहे.

आपली विश्वासू,
वैशाली पाटील
वरिष्ठ अधिकारी, खरेदी विभाग, चाकण