विषय क्रमांक ७ : फोन यादीतले नंबर तपासणे – सभेत वाचायचे निवेदन

(वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार २१ सप्टेंबर २०२५, सकाळी १०.३०, सोसायटीचा हॉल. वाचणार : सचिव. हिशेबाचा विषय संपल्यावर लगेच घेणे, नाहीतर लोक उठायला लागतात.)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. पाण्याच्या टाकीवर जेवढा वेळ भांडलो त्याच्या निम्मा वेळ या विषयाला द्या, एवढंच मागणं आहे.

आधी एक कबुली. सर्वपित्रीच्या दिवशी सभा ठेवली म्हणून सकाळपासून तीन फोन आले. तुमचं बरोबर आहे, पण ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते, उद्या घटस्थापना, आणि पुढच्या रविवारी निम्मी सोसायटी नवरात्रात अडकलेली. हे तीन फोन मला आले, कारण माझा नंबर यादीत बरोबर आहे. आता तुमच्या नंबरांकडे वळतो.

(फोन यादी वर धरून दाखवणे.)

ही आपली यादी. आत्ता सोसायटीत तिच्या तीन प्रती आहेत आणि तिघींचं एकमेकींशी पटत नाही. एक २००९ ची पिवळी पुस्तिका, जी अजून बऱ्याच घरांत फ्रिजवर असते. दुसरी गेटवरच्या केबिनमधली झेरॉक्स, जिच्यावर चहाचा गोल डाग आहे आणि पाच-सहा जणांच्या अक्षरांत खाडाखोड आहे. तिसरी आपल्या ग्रुपवरची पीडीएफ. ऑगस्टमध्ये मी आणि खजिनदार काकांनी चार संध्याकाळी बसून ७२ फ्लॅटना या पीडीएफवरून फोन लावले. १९ ठिकाणी गडबड निघाली. काही नंबर बंद, काही भलत्यांचे, आणि दोन ठिकाणी चक्क नऊच आकडे. नऊ आकड्यांचा नंबर बारा वर्षं छापला जातोय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, याचा अर्थ त्या घरी बारा वर्षांत कुणी फोन केला नाही. असो.

गेल्या वर्षीची २५ जुलैची पहाट सगळ्यांना आठवत असेल. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, एकता नगरीत लोक पहिल्या मजल्यावर अडकले होते. आपण जरा वरच्या अंगाला, म्हणून घरांत आलं नाही, पण सी विंगच्या पार्किंगमध्ये पाणी शिरायला लागलं. वॉचमन मामांनी केबिनमधली ती झेरॉक्स काढली, टॉर्च दातांत धरला आणि एकेका गाडीवाल्याला फोन लावायला सुरुवात केली. सोळा गाड्या होत्या. अकरा जण खाली आले. उरलेल्या पाचांत दोन नंबर बंद, एक लँडलाइन जी कधीच काढून टाकलीय, एक फोन वाजत राहिला, आणि एक उचलला लातूरच्या एका गृहस्थांनी. पहाटे चार वाजता. मामा म्हणाले, "साहेब, गाडी काढा, पाणी आलंय." ते गृहस्थ बिचारे उठून बाहेर जाऊन बघून आले आणि म्हणाले, "मामा, इथं पाऊसच नाही हो."

आज हसायला येतं. त्या दिवशी लाइट गेली होती, लिफ्ट बंद होती आणि मामा ती पाच दारं वाजवायला जिना चढले. त्यांचं वय एकसष्ट आहे. दोन गाड्या गेल्याच. त्या गाड्यांचे मालक इथे बसलेत, त्यांनी माझ्याकडे असं बघू नये, मी नाव घेतलेलं नाही.

लातूरचे गृहस्थ कुठून आले, असं काही जणांनी विचारलं. आपण नंबर बदलतो, जुनं सिम ड्रॉवरमध्ये पडून राहतं, रिचार्ज संपतो, कंपनी नंबर बंद करते. बंद झालेला नंबर ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्या माणसाला जाऊ शकतो. म्हणजे यादीतला तुमचा जुना नंबर नुसता बंद राहील असं नाही. उद्या तो कुणीतरी उचलेल, आणि तुमच्या आईला चक्कर आलीय हे त्याला कळेल, तुम्हाला नाही.

दुसरी तक्रार केबिनच्या लँडलाइनची. "नंबर बरोबर आहे पण लागत नाही." जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावावं लागतं. रात्रपाळीचे नवे वॉचमन शून्य लावत नव्हते. आता फोनशेजारच्या भिंतीवर मोठ्ठं शून्य काढून चिकटवलं आहे. केबिनमध्ये कुणी विचारलं की हे काय आहे, तर ते एवढंच आहे.

आता आज काय करायचं ते सांगतो. दाराशी तीन टेबलं आहेत, ए, बी आणि सी. प्रत्येक टेबलावर त्या विंगची यादी मोठ्या अक्षरांत छापून ठेवली आहे. आपली ओळ शोधायची. सगळं बरोबर असेल तर पुढे बरोबरची खूण आणि सही. चूक असेल तर जुन्या नंबरावर आडवी रेघ मारायची आणि शेजारच्या रकान्यात नवा लिहायचा. जुना गिरवून नवा करू नका. तीनाचा आठ करणारे आपल्याकडे कलाकार आहेत.

आणि कृपा करून आकडे इंग्रजीच काढा. मराठीचा अभिमान मलाही आहे, हे निवेदन मी मराठीतच वाचतोय. पण बी-४०३ च्या आजोबांनी गेल्या खेपेला सुंदर मराठी आकड्यांत नंबर लिहिला, आणि संगणकावर चढवणाऱ्या मुलाने मराठी एकाचा नऊ वाचला आणि मराठी पाचाचा चार. त्यात त्या मुलाची चूक नाही, तो इंग्रजी माध्यमाचा आहे. आजोबांची तर नाहीच.

नंबर लिहून झाला की टेबलावरचा माणूस लगेच तुम्हाला मिस कॉल देईल. खिशातला फोन वाजला पाहिजे. वाजला की काम झालं. फोन घरी चार्जिंगला ठेवून आला असाल तर तसं सांगा, संध्याकाळी लावून बघू.

प्रत्येक फ्लॅटचे दोन नंबर हवेत, आणि ते एकाच माणसाचे दोन सिम नकोत. दुसरा नंबर अशा माणसाचा द्या, ज्याच्याकडे घराची किल्ली आहे किंवा जो अर्ध्या तासात इथे पोहोचू शकतो. आपल्याकडे नऊ घरं अशी आहेत जिथे फक्त आई-वडील राहतात आणि मुलं बाहेर आहेत. त्यांनी मुलांचा नंबर जरूर द्या, पुढे देशाचा कोड लावून द्या, पण कॅलिफोर्नियातला मुलगा रात्री दोन वाजता किल्ली घेऊन येऊ शकत नाही. धायरीतली भाची येऊ शकते. तिलाही एकदा सांगून ठेवा की तुझा नंबर दिलाय.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे मालक इथे चार जण दिसताहेत. मालकाचा आणि भाडेकरूचा असे दोन्ही नंबर लागतील. "भाडेकरू अकरा महिन्यांत बदलतो, कशाला लिहायचा" असं म्हणू नका. पाइप फुटला तर खाली गळणारं पाणी करार बघत नाही. भाडेकरूंना बैठकीत मत नसलं तरी टेबलावर खुशाल यावं, चहाही घ्यावा.

आता ज्यावर ग्रुपवर बरंच बोलणं झालं तो मुद्दा. काही भगिनींनी मला वेगळं सांगितलं की आमचा नंबर छापू नका. त्यांचं म्हणणं रास्त आहे. गेल्या दिवाळीत आपल्यातल्याच कुणीतरी ती पीडीएफ एका सोफा धुणाऱ्याला पाठवली आणि महिनाभर सगळ्यांना फोन येत होते. म्हणून या वेळी यादीत एक नवा रकाना आहे, "फक्त कार्यालयासाठी". तिथे खूण केलीत तर छापील पुस्तिकेत तुमच्या नावापुढे नुसती रेघ येईल. नंबर माझ्याकडे, अध्यक्षांकडे आणि केबिनच्या कुलूपबंद कप्प्यातल्या वहीत राहील. खूण का केली, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि पीडीएफ आता ग्रुपवर टाकणार नाही. पुस्तिका हातात मिळेल, तिचा फोटो काढून पुढे पाठवू नका.

त्याच ओघात, नंबर बदलण्यासाठी सोसायटी तुम्हाला कधीही लिंक पाठवणार नाही आणि ओटीपी मागणार नाही. "मी सचिव बोलतोय, आलेला आकडा सांगा" असा फोन आला तर तो मी नाही. माझा आवाज सर्दीत बसतो, पण इतका नाही.

एक तांत्रिक खुलासा, मग झालंच. या यादीत नंबर बदलला म्हणजे सभासद नोंदवही बदलली असं नाही. नाव लावणं, नामनिर्देशन, सहमालक, यांचे अर्ज वेगळे आहेत आणि ते कार्यालयात मिळतात. महावितरणकडेही तुमचा नंबर आपोआप जाणार नाही, तो तुम्हालाच तिकडे बदलावा लागेल.

(इथे थांबणे. पाणी पिणे.)

यादीत चार नावं अशी आहेत जी आता आपल्यात नाहीत. ती काढायचं माझ्याच्याने होत नव्हतं, म्हणून दोन वर्षं यादी अडली, हे मान्य करतो. ए-२०१ च्या काकूंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, काकांचा नंबर मी अजून रिचार्ज करते, फोन देवघराशेजारी असतो, वाजला तर उचलते. मग ठरवलं की त्या ओळीत पहिला नंबर काकूंचा आणि त्याखाली काकांचा, जसा होता तसा. बाकी तीन घरच्यांनी काय ठेवायचं, काय काढायचं, ते टेबलावर किंवा नंतर माझ्या कानात सांगा. परस्पर काही खोडणार नाही.

आज जे आले नाहीत त्यांच्यासाठी याद्या कार्यालयात दसऱ्यापर्यंत, म्हणजे २ ऑक्टोबरपर्यंत ठेवल्या आहेत, रोज संध्याकाळी ७ ते ८. शेजाऱ्याचा नंबर शेजाऱ्याने लिहायचा नाही, ज्याचा त्याने यायचं. त्यानंतर पुस्तिका छापायला जाईल आणि वसुबारसेला फराळाच्या आधी घरोघरी पोहोचेल. मागच्या पानावर ११२, १०१ आणि १०८ हे नंबर असतील, आणि लिफ्टवाल्याचा, प्लंबरचा, पाण्याच्या टँकरवाल्याचा. प्लंबरचा तपासला आहे, तो उचलतो. येतो की नाही ते वेगळं.

पिवळी पुस्तिका नवी मिळेपर्यंत फेकू नका, मिळाल्यावर मात्र फ्रिजवरून काढा.

कुणाला काही विचारायचं आहे?

(प्रश्न घेणे, पाच मिनिटं. टाकीचा विषय पुन्हा निघाला तर अध्यक्षांकडे बघणे.)

बरं. आधी ए विंगने उठावं, म्हणजे जिन्यात गर्दी होणार नाही. ज्येष्ठांनी उठू नये, त्यांच्या खुर्चीपाशी यादी येईल. चहा टेबलांच्या पलीकडे मुद्दामच ठेवला आहे. प्रत्येक टेबलावर दोन पेनं दोऱ्याने बांधलेली आहेत. दोरा तोडू नका.