अंदाजित रँक कशी काढतो आणि ती अंदाजच का राहते

नीट टेस्ट सिरीजमधील सर्व विद्यार्थी आणि पालकांसाठी

सहाव्या फुल सिलॅबस टेस्टचा निकाल आज तुमच्या लॉगिनमध्ये आला आहे. गुणांच्या खाली या वेळी प्रथमच ‘अंदाजित ऑल इंडिया रँक’ अशी ओळ दिसेल. तिच्यापुढे एक आकडा नाही, दोन आहेत. उदाहरणार्थ ‘१५,००० ते ५२,०००’. निकाल लागून दोन तास होण्याआधीच ऑफिसमध्ये फोन सुरू झाले: एवढा मोठा पट्टा कशाला, नक्की आकडा सांगा. हे दोन आकडे कुठून येतात हे कळल्याशिवाय त्यांचा उपयोग करता येणार नाही, म्हणून ही टीप. कृपया पालकांनीही पूर्ण वाचावी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही तुमचे टेस्टमधले गुण घेऊन ‘इतक्या गुणांना गेल्या वर्षी इतकी रँक होती’ असे जोडत नाही. मोबाइलवर फिरणारे बहुतेक तक्ते तेच करतात आणि तिथेच फसतात. २०२४ मध्ये ७२० पैकी ६०० गुणांना रँक साधारण ऐंशी हजारांच्या घरात होती. २०२५ मध्ये पेपर अवघड आला, देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले आणि ६०० च्या वर जेमतेम तेराशे विद्यार्थी होते. तेच ६०० गुण, एका वर्षाच्या अंतराने, एकदा सरकारी कॉलेजच्या काळजीचे आणि एकदा देशातल्या अगदी वरच्या फळीचे. त्यामुळे गुण हा धागा धरून रँकपर्यंत जाता येत नाही. आम्ही धागा धरतो तो जागेचा: बरोबरीच्या मुलांमध्ये तुम्ही कुठे उभे आहात याचा.

पद्धत अशी. वर्गात, ओएमआर शीटवर, दुपारी दोन ते पाच या वेळेत दिलेल्या फुल सिलॅबस टेस्टच फक्त धरल्या जातात. युनिट टेस्ट, घरून दिलेल्या ऑनलाइन टेस्ट, उशिरा दिलेल्या टेस्ट यांचे गुण तुम्हाला दिसतात, पण रँकच्या हिशेबात येत नाहीत. प्रत्येक टेस्टमध्ये तुम्ही वरून किती टक्क्यांत आहात ते पाहतो. शेवटच्या सहा टेस्ट घेतो आणि त्यातल्या अलीकडच्या तिन्हींना दुप्पट वजन देतो, कारण ऑक्टोबरमधल्या तुमच्यापेक्षा आताचे तुम्ही परीक्षेच्या जास्त जवळ आहात.

एका काल्पनिक विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. सिरीजला २,००० विद्यार्थी आहेत असे समजू. दुसऱ्या टेस्टमध्ये तिला ५४८ गुण मिळाले आणि ती ३१० वी आली, म्हणजे वरून १५.५ टक्क्यांवर. तिसऱ्या टेस्टमध्ये गुण उतरून ४९८ झाले, घरी सगळे नाराज झाले, पण त्या पेपरात ती १९० वी होती, म्हणजे ९.५ टक्क्यांवर. पेपर अवघड होता आणि तिने तो इतरांपेक्षा बरा सांभाळला. गुणांकडे पाहिले तर घसरण दिसते, जागेकडे पाहिले तर चांगली सुधारणा. तिच्या सहा टेस्टच्या जागा क्रमाने १४, १५.५, ९.५, ११, १२ आणि १० टक्के. पहिल्या तिघींची बेरीज ३९, शेवटच्या तिघींची ३३, तिची दुप्पट ६६. एकूण १०५ ला ९ ने भागले की साधारण ११.७. ही तिची सिरीजमधली जागा.

आता जुन्या विद्यार्थ्यांकडे वळायचे. मागच्या तीन तुकड्यांमध्ये याच टप्प्यावर, याच हिशेबाने, १० ते १३.५ टक्क्यांच्या दरम्यान जे विद्यार्थी होते ते सगळे शोधतो. साधारण दोनशे निघतात. त्यांची नीटमध्ये प्रत्यक्ष आलेली रँक ओळीने मांडतो. सगळ्यात चांगल्या दहा टक्के आणि सगळ्यात मागच्या दहा टक्के बाजूला ठेवतो. उरलेल्यांचा जो पहिला आणि शेवटचा आकडा, त्यावरूनच तुमच्या लॉगिनमधला पट्टा ठरतो; मागचा आकडा आम्ही थोडा आणखी मागे नेतो, त्याचे कारण पुढे येईल. आमच्या उदाहरणातल्या मुलीला तो १५,००० ते ५२,००० असा आला, म्हणजे तिच्या जागेवर बसलेल्या जुन्या दहा विद्यार्थ्यांपैकी आठ जण या पट्ट्यात आले आणि दोघे बाहेर गेले. बाहेर जाणारे दोघे हा हिशेबाचा दोष नाही. ते हिशेबातच आहेत.

मधला आकडा आमच्याकडे असतो, आम्ही तो मुद्दाम छापत नाही. २७,००० असे छापले की घराघरांत २७,००० हीच रँक होते, त्यावर कॉलेजांची यादी निघते, नातेवाइकांना सांगितले जाते. मूल मग पुढच्या टेस्टला पेपराशी झगडण्याऐवजी त्या आकड्याशी झगडत बसते. पट्टा खरा आहे, मधला आकडा फक्त सोयीचा आहे.

पट्टा इतका रुंद का, याचे सर्वात मोठे कारण नीटच्या गुणांची दाटी. २०२५ मध्ये ६५१ ते ६८६ या गुणांत ७३ विद्यार्थी होते, ६०१ ते ६५० मध्ये १,२५९ आणि ५५१ ते ६०० मध्ये सुमारे साडेदहा हजार. या शेवटच्या पट्टीत सरासरी काढली तर दर गुणाला दोनशेहून अधिक विद्यार्थी बसतात. एक प्रश्न बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक वजा. म्हणजे एका गोळ्याचा फरक पाच गुणांचा आणि हजारभर रँकचा. खाली उतरावे तशी दाटी वाढते. आपल्या सिरीजमध्ये एकाच विद्यार्थ्याचे गुण एका टेस्टपासून दुसऱ्या टेस्टपर्यंत वीस-पंचवीसने सहज हलतात. त्या दिवशीची झोप, फिजिक्सच्या एका लांबलचक गणितात गेलेली सात मिनिटे, बायोलॉजीत दोन पर्यायांमध्ये अडकणे, एवढे पुरते. तो हलणारा भाग नीटच्या दिवशीही असणारच, आणि तो कोणत्या बाजूला हलेल हे टेस्ट सिरीज सांगू शकत नाही.

पालकांना एक कळकळीची विनंती इथेच करतो. सहा टेस्टमधली सर्वात चांगली टेस्ट ‘खरी’ आणि बाकीच्या ‘चुकून झालेल्या’ असे धरू नका. एखाद्या टेस्टला नशिबाची साथ मिळते तशी एखादीला मिळत नाही. दोन्ही मिळूनच तुमच्या पाल्याची खरी जागा तयार होते.

दुसरे कारण आमच्या माहितीचे. आपली तुकडी म्हणजे देश नाही. नीटला बावीस-तेवीस लाख विद्यार्थी बसतात. आपल्याकडे येणारे, वर्षभर टिकणारे आणि दर रविवारी तीन तास पेपर देणारे विद्यार्थी त्यातला निवडक भाग आहेत. तुकडी-तुकडीतही फरक असतो. या वर्षी रिपीटर मुलांचे प्रमाण वाढले असेल तर वरून ११.७ टक्के ही जागा मागच्या वर्षापेक्षा कठीण असते, आणि त्याची पुरेपूर दुरुस्ती जुन्या आकड्यांतून होत नाही. शिवाय जुन्या विद्यार्थ्यांचे निकाल गोळा करताना एक तिरकेपणा शिरतो. चांगली रँक आलेला विद्यार्थी स्कोअरकार्ड स्वतःहून पाठवतो, निराश झालेला फोन उचलत नाही. क्लास टीचर महिनाभर पाठपुरावा करतात, तरी काही नावे कोरीच राहतात. ती वगळली तर अंदाज आहे त्याहून गोड दिसेल, म्हणून पट्ट्याची मागची बाजू आम्ही थोडी आणखी मागे नेतो. काही पालकांना हे कठोर वाटते, पण मुलाला मे-जूनमध्ये धक्का बसण्यापेक्षा हे आम्हाला योग्य वाटते.

पेपरचे स्वरूपही बदलते. २०२४ पर्यंत २०० पैकी १८० प्रश्न सोडवायची मुभा आणि त्यासाठी २०० मिनिटे होती. २०२५ पासून सगळे १८० प्रश्न सक्तीचे आणि वेळ १८० मिनिटे. वेगवान मुलांना याचा फायदा झाला, निवड करून खेळणाऱ्यांना तोटा. जुन्या तुकड्यांचा अनुभव अशा बदलानंतर पूर्वीइतका पक्का उरत नाही.

आणि परीक्षा झाल्यावरही सगळे ठरलेले नसते. २०२४ मध्ये फिजिक्सच्या एकाच प्रश्नाचे दोन पर्याय आधी बरोबर धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले, एकच पर्याय बरोबर ठरला आणि चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण गेले. सुरुवातीला ७२० पैकी ७२० मिळालेले ६७ जण होते, सुधारित निकालात १७ उरले. इतरांची रँक त्यांनी काहीही न करता वर-खाली झाली. समान गुण असतील तर आधी बायोलॉजीचे गुण पाहिले जातात, त्यामुळे एकाच बेरजेच्या दोघांची रँकही शेकड्यांनी वेगळी येऊ शकते.

लॉगिनमध्ये काहींना आकडे दिसणार नाहीत. चारपेक्षा कमी टेस्ट दिलेल्यांचा अंदाज आम्ही काढत नाही. वरून पहिल्या एक टक्क्यातल्या विद्यार्थ्यांना फक्त ‘२,००० च्या आत’ असे दिसेल. तिथे जुने विद्यार्थी इतके थोडे आहेत की त्यापुढची बारीक वाटणी करणे अप्रामाणिक ठरेल.

हा आकडा ऑल इंडिया रँकचा आहे, राज्याच्या मेरिट क्रमांकाचा नाही. सरकारी कॉलेजमधल्या १५ टक्के जागा एमसीसीमार्फत देशपातळीवर भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलमार्फत, आणि तिथे फक्त महाराष्ट्रातले पात्र विद्यार्थी क्रमाने लागतात. प्रवर्गानुसार चित्र आणखी बदलते. तेव्हा जुना कटऑफ पाहायचा असेल तर गुणांचा नव्हे, रँकचा पाहा, आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना धरून पाहा. पुढच्या टोकाला कोणती कॉलेज येतात, मागच्या टोकाला कोणती, आणि मागचे टोक आले तर आपण काय करणार, एवढे घरी एकदा शांतपणे बोलून ठेवा. या अंदाजाच्या भरवशावर कुठेही आगाऊ पैसे भरू नका, आणि पुन्हा एक वर्ष द्यायचे की नाही हेही आत्ता ठरवू नका.

विद्यार्थ्यांनी लॉगिनमध्ये रँकच्या खालचा विषयवार तक्ता आवर्जून उघडावा. तिथे प्रत्येक विषयात वरून किती टक्क्यांत आहात आणि निगेटिव्हमध्ये किती गुण गेले ते दिले आहे. पट्टा पुढे सरकवायचा असेल तर तो तिथूनच सरकतो. निगेटिव्हमध्ये तीसपेक्षा जास्त गुण जात असतील त्यांनी या आठवड्यात आपल्या डाउट काउंटरवर शेवटच्या दोन टेस्टची ओएमआर कॉपी घेऊन यावे.

पट्टा प्रत्येक फुल सिलॅबस टेस्टनंतर नव्याने काढला जाईल. पुढची टेस्ट येत्या रविवारी दुपारी दोन वाजता आहे. हॉलमध्ये दीड वाजता बसावे. शंका असल्यास शनिवारी चार ते सहा या वेळेत परीक्षा विभागात भेटा. वर्गातल्या इतरांचे पट्टे कोणालाही सांगितले जाणार नाहीत, ते कृपया विचारू नयेत.

— परीक्षा व मूल्यमापन विभाग